निम्मं-निम्मं केलं आणि 8,500 रुपये रोख गेले: एका महिन्याच्या जीएसटी सेट-ऑफचा पूर्ण हिशेब

लोहार चाळीतल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानाचे हिशेब मी बघते. तिथे बिलं नोंदवणारा मुलगा टी. वाय. बी. कॉम.ला आहे. सेट-ऑफचं, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट विक्रीवरच्या करातून वळतं करण्याचं गणित तो कॉलेजात वहीवर सोडवतो आणि दुकानात पोर्टलवर. गेल्या डिसेंबरात त्याने विचारलं, "मॅडम, आयजीएसटीचं उरलेलं क्रेडिट सीजीएसटी आणि एसजीएसटीला निम्मं-निम्मं वाटलं की झालं ना?" वहीतल्या गणितात बहुतेक वेळा होतं, कारण तिथे सुरुवातीची शिल्लक नसते किंवा दोन्हीकडे सारखी असते. दुकानात तसं क्वचितच असतं. त्या एका प्रश्नावरून आम्ही नोव्हेंबर 2025चा सगळा महिना कागदावर मांडला. तोच इथे मांडते आहे. आकडे गोल केले आहेत, आणि सगळा माल 18 टक्क्यांचा धरला आहे.

आधी खण समजून घ्या

राज्याबाहेरच्या व्यवहारावर आयजीएसटी लागतो, राज्यातल्या व्यवहारावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. क्रेडिट लेजर म्हणजे या तिघांच्या तीन खणांचं कपाट. आयजीएसटीच्या खणातलं क्रेडिट आधी आयजीएसटीच्या देण्याला लावायचं आणि उरलं तर सीजीएसटी व एसजीएसटीला. सीजीएसटीचं क्रेडिट आधी सीजीएसटीला आणि उरलं तर आयजीएसटीला. एसजीएसटीचंही तसंच. मात्र सीजीएसटीच्या खणातून एसजीएसटी भरता येत नाही आणि एसजीएसटीच्या खणातून सीजीएसटी भरता येत नाही. या दोन खणांमधली फळी बंद आहे, आणि आजच्या लेखातली सगळी गंमत त्या फळीमुळेच आहे.

1 फेब्रुवारी 2019पासून कलम 49ए आलं. आयजीएसटीचं क्रेडिट पूर्ण संपवल्याशिवाय सीजीएसटी-एसजीएसटीच्या क्रेडिटला हात लावायचा नाही, असं त्यात ठरलं. कायद्यात आयजीएसटीचं उरलेलं क्रेडिट "आधी सीजीएसटी, मग एसजीएसटी" अशा क्रमाने लावायचं होतं. त्यामुळे पहिल्या खणात क्रेडिट तुंबायचं आणि दुसऱ्यात रोख भरावी लागायची. ओरड झाल्यावर 29 मार्च 2019ला नियम 88ए आला. आयजीएसटी भागवून उरलेलं क्रेडिट या दोघांना कोणत्याही क्रमाने आणि कोणत्याही प्रमाणात लावा, फक्त ते सगळं संपवा, असं तो सांगतो. "कोणत्याही प्रमाणात" हे दोन शब्द व्यापाऱ्याच्या हातात दिलेली किल्ली आहेत. निम्मं-निम्मं करणारा माणूस ती वापरतच नाही.

महिना उघडताना कपाटात काय होतं

1 नोव्हेंबरला आयजीएसटी शून्य, सीजीएसटी 4,500 आणि एसजीएसटी 31,500 अशी शिल्लक होती. मुलाला ही चूक वाटली, कारण खरेदीच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी नेहमी सारखेच येतात. फरक पडला तो ऑक्टोबरमुळे. दिवाळीच्या तोंडावर गोवा आणि गुजरातला बराच माल गेला आणि आयजीएसटीचं देणं आयजीएसटीच्या क्रेडिटपेक्षा 27,000ने जास्त निघालं. ही तूट भरताना क्रम आधी सीजीएसटीचं क्रेडिट आणि ते संपलं तरच एसजीएसटीचं असा होता. म्हणून 27,000 एकट्या सीजीएसटीच्या खणातून गेले. बाहेरच्या राज्यात विकणाऱ्या दुकानाचे हे दोन खण असेच वाकडे होत जातात. तुमच्या लेजरमध्ये ही दोन शिलकी वेगळ्या दिसल्या तर बिलं तपासण्याआधी मागच्या महिन्यांचा सेट-ऑफ बघा.

खरेदीची बिलं

वसईच्या कारखान्याकडून 3,00,000चे स्विच आले. विक्रेता महाराष्ट्रातला, म्हणून सीजीएसटी 27,000 आणि एसजीएसटी 27,000.

दिल्लीच्या भगीरथ पॅलेसमधल्या व्यापाऱ्याकडून 5,00,000चं एलईडी सामान आलं, आयजीएसटी 90,000. दमणच्या कारखान्याकडून 2,00,000ची वायर आली, आयजीएसटी 36,000. दमण गाडीने अडीच-तीन तासांवर आहे म्हणून ते घरचंच वाटतं, पण करासाठी ते महाराष्ट्राबाहेर आहे. हा माल 27 नोव्हेंबरला दुकानात पोचला. तो 1 डिसेंबरला उतरला असता, तर बिल नोव्हेंबरचं असूनही क्रेडिट डिसेंबरमध्येच घ्यावं लागलं असतं, कारण माल हातात आल्याशिवाय क्रेडिट नाही.

भिवंडीच्या एका डीलरकडून 50,000चे पंखे घेतले होते. त्यावर सीजीएसटी 4,500 आणि एसजीएसटी 4,500. बिल आहे, माल आहे, पैसेही दिले आहेत. पण त्याने आपलं विक्रीचं विवरणपत्र GSTR-1 मुदतीत, म्हणजे 11 डिसेंबरपर्यंत भरलं नाही, त्यामुळे 14 डिसेंबरला तयार झालेल्या आमच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे पोर्टलने बनवलेल्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत, ते बिल आलं नाही. 1 जानेवारी 2022पासून नियम साफ आहे. जे 2B मध्ये नाही, त्याचं क्रेडिट त्या महिन्यात नाही. शेठ म्हणाले, "अहो, बिल तर माझ्या हातात आहे!" हातातलं बिल हिशेबाच्या वहीत चालतं, सेट-ऑफमध्ये चालत नाही. भिवंडीवाल्याने उशिरा का होईना भरलं की हे 9,000 पुढच्या महिन्यात मिळतील. त्यालाही मर्यादा आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा 30 नोव्हेंबर किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र, यातलं जे आधी येईल ते. त्यामुळे अशी बिलं एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि दर महिन्याच्या 15 तारखेला डीलरला फोन करा. मी त्या कागदाला "रुसलेली बिलं" म्हणते.

दिल्लीहून माल आणणाऱ्या तिथल्याच ट्रान्सपोर्टवाल्याचं भाडं 20,000 होतं. त्याच्या बिलावर कर लावलेला नव्हता, आणि कर आम्ही भरायचा अशी नोंद होती. म्हणजे रिव्हर्स चार्ज, 5 टक्क्यांनी 1,000. ट्रान्सपोर्टवाला दिल्लीचा आणि आम्ही नोंदणीकृत व्यापारी महाराष्ट्रातले, म्हणून हा आयजीएसटी. हे 1,000 क्रेडिटमधून भरता येत नाहीत, रोखच भरावे लागतात. भरले की तेच 1,000 त्याच महिन्यात क्रेडिट म्हणून मिळतात. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने घ्यायचे, पण देणारा हात रोखीचाच हवा.

शेवटचं बिल सुरतेच्या हॉटेलचं. शेठ वसुलीला गेले होते आणि एक रात्र राहिले. हॉटेल ज्या राज्यात, त्या राज्याचा कर लागतो. म्हणून बिलावर गुजरातचा सीजीएसटी-एसजीएसटी आला, आणि तो महाराष्ट्रातल्या नोंदणीला चालत नाही. 2B मध्ये हे बिल दिसतं, पण "क्रेडिट नाही" या भागात. मुलाने ते "आलं आहे ना" म्हणून बेरजेत घेतलं होतं. 2B मधली प्रत्येक ओळ म्हणजे क्रेडिट नव्हे, हे त्याला तेव्हा पटलं. हॉटेलचा कर आम्ही खर्चात टाकला.

विक्रीची बिलं, आणि एक फसवं बिल

मुंबई-ठाण्याच्या दुकानदारांना 6,00,000ची विक्री झाली, दोन्हीकडे 54,000. पुण्याच्या कंत्राटदाराला 2,00,000ची, दोन्हीकडे 18,000. मडगावच्या दुकानाला 2,50,000ची, आयजीएसटी 45,000. ही तिन्ही सरळ आहेत.

चौथ्या बिलाजवळ थांबावं लागलं. सुरतच्या एका पार्टीने 1,00,000च्या मालाची ऑर्डर दिली आणि सांगितलं, माल नाशिकला माझ्या गिऱ्हाइकाकडे परस्पर पोचवा. टेम्पो मुंबईहून नाशिकला गेला. माल महाराष्ट्राबाहेर पडलाच नाही, म्हणून मुलाने 9,000 सीजीएसटी आणि 9,000 एसजीएसटी लावले. पण आमचा खरेदीदार सुरतचा आहे आणि माल त्याच्या सांगण्यावरून तिसऱ्याकडे गेला आहे. अशा वेळी माल सुरतवाल्यालाच मिळाला असं धरलं जातं आणि पुरवठ्याचं ठिकाण त्याचं व्यवसायाचं मुख्य ठिकाण, म्हणजे गुजरात. म्हणून आयजीएसटी 18,000. नाशिकवाल्याला सुरतवाला वेगळं बिल देतो, तो त्याचा व्यवहार. टेम्पोचा रस्ता बघून कर ठरवू नका, बिल कोणाच्या नावावर आणि कोणाच्या सांगण्यावरून माल गेला ते बघा.

ही चूक GSTR-1 भरण्याआधीच पकडा. जुलै 2025च्या महिन्यापासून विक्रीचे आकडे GSTR-1 मधून GSTR-3B मध्ये, म्हणजे कर भरण्याच्या मासिक विवरणपत्रात येतात आणि तिथे खोडता येत नाहीत. दुरुस्ती करायची तर 3B भरण्याआधी GSTR-1A मध्ये करावी लागते. चुकीच्या खात्यात कर भरून मोकळे झालात तर बरोबर कर पुन्हा भरायचा आणि चुकीचा परत मागायचा. व्याज लागत नाही, पण पैसे मधल्या काळात अडकतात.

बेरीज, आणि मग वाटणी

देणं असं निघालं: आयजीएसटी 45,000 आणि 18,000 मिळून 63,000. सीजीएसटी 54,000 आणि 18,000 मिळून 72,000. एसजीएसटीही 72,000. शिवाय रिव्हर्स चार्जचे 1,000 रोख.

क्रेडिट असं: आयजीएसटी 90,000, 36,000 आणि भाड्याचे 1,000, म्हणजे 1,27,000. सीजीएसटी जुने 4,500 आणि नवे 27,000, म्हणजे 31,500. एसजीएसटी जुने 31,500 आणि नवे 27,000, म्हणजे 58,500. भिवंडी आणि हॉटेल यात नाहीत.

आयजीएसटीचं देणं भागवलं की 1,27,000 मधून 64,000 उरतात. आता हे 64,000 सगळे संपवायचे आहेत, प्रश्न फक्त कुठे किती हा.

मुलाच्या पद्धतीने 32,000 इकडे आणि 32,000 तिकडे लावून बघू. दोन्हीकडे 40,000 देणं उरतं. एसजीएसटीकडे 58,500 आहेत, 40,000 गेले, 18,500 उरले. सीजीएसटीकडे मात्र 31,500च आहेत. 8,500 कमी पडतात, ते रोख भरा. म्हणजे शेजारच्या खणात 18,500 पडून असताना खिशातून 8,500 काढायचे, कारण मधली फळी बंद आहे. जुन्या क्रमाने सगळे 64,000 आधी सीजीएसटीला लावले तर उलटं होतं. सीजीएसटीत 23,500 उरतात आणि एसजीएसटीत 13,500 रोख जातात.

नियम 88ए नवा असताना, 2019 साली, एका गिऱ्हाइकाच्या हिशेबात मी स्वतः निम्मं-निम्मं केलं होतं. विवरणपत्र भरून झाल्यावर लेजरवर नजर गेली आणि पोटात गोळा आला. 3B पुन्हा दुरुस्त करून भरता येत नाही. ते पैसे बुडाले नाहीत, एसजीएसटीच्या खणात क्रेडिट म्हणून उरलेच. पण सणाच्या तोंडावर रोख गेली ती गेलीच. त्यानंतर मी वाटणी डोक्यात करत नाही, कागदावरच करते.

कागदावर तीन ओळी लागतात. पहिली, प्रत्येक खणाची स्वतःची तूट काढा. सीजीएसटीचं देणं 72,000 वजा क्रेडिट 31,500, तूट 40,500. एसजीएसटीचं देणं 72,000 वजा 58,500, तूट 13,500. दुसरी ओळ, दोन्ही तुटींची बेरीज करा आणि उरलेल्या आयजीएसटीशी ताडून बघा. 54,000 विरुद्ध 64,000, म्हणजे नीट वाटलं तर एक रुपयाही रोख लागणार नाही. तिसरी ओळ, सीजीएसटीला किमान आणि कमाल किती द्यायचे ते ठरवा. किमान म्हणजे त्याची तूट, 40,500. कमाल म्हणजे 64,000 मधून एसजीएसटीची तूट वजा करून, 50,500. या दोन आकड्यांच्या मध्ये कोणताही आकडा घेतला तरी रोख शून्य. निम्म्याचे 32,000 या पट्ट्याच्या खाली आहेत, म्हणून रोख निघाली. 64,000 पट्ट्याच्या वर आहेत, म्हणून तिथेही निघाली.

पट्ट्यातला कोणता आकडा घ्यावा? 40,500 घेतले तर उरलेले 10,000 सगळे एसजीएसटीच्या खणात राहतात. 50,500 घेतले तर सगळे सीजीएसटीत. मी बरोबर मधला घेते, 45,500. मग दोन्हीकडे 5,000-5,000 उरतात. महाराष्ट्रातल्या विक्रीवर दोन्ही देणी नेहमी सारखीच येतात, म्हणून पुढच्या महिन्याला दोन्ही खण सारखे उघडणं बरं. ऑक्टोबरने वाकडं केलेलं कपाट या एका आकड्याने सरळ होतं.

| कर | देणं | आयजीएसटी क्रेडिट | स्वतःचं क्रेडिट | रोख | उरलेलं क्रेडिट |
|---|---|---|---|---|---|
| आयजीएसटी | 63,000 | 63,000 | – | 0 | 0 |
| सीजीएसटी | 72,000 | 45,500 | 26,500 | 0 | 5,000 |
| एसजीएसटी | 72,000 | 18,500 | 53,500 | 0 | 5,000 |
| रिव्हर्स चार्ज (आयजीएसटी) | 1,000 | – | – | 1,000 | – |

ताळा असा घ्या. सुरुवातीची शिल्लक 36,000, नवं क्रेडिट 1,81,000, एकूण 2,17,000. लावलेलं क्रेडिट 2,07,000. उरले 10,000. टेबलातही 10,000च आहेत.

उरलेलं आयजीएसटी दोन्ही तुटींच्या बेरजेपेक्षा कमी असेल, समजा 64,000ऐवजी 50,000, तर 4,000 रोख लागणारच. तेव्हा एकच पथ्य पाळा: कोणत्याही खणाला त्याच्या तुटीपेक्षा जास्त देऊ नका. दिलंत की तेवढं क्रेडिट तिथे पडून राहील आणि दुसरीकडे तेवढीच रोख वाढेल.

परीक्षेच्या वहीतही हेच करा. प्रश्नात सुरुवातीची शिल्लक दिली असेल आणि ती वेगवेगळी असेल, तर परीक्षकाने तिथेच सापळा लावला आहे असं समजा.

पोर्टलवर भरताना

GSTR-3B मध्ये विक्री 3.1(a) ला आणि ट्रकचं भाडं 3.1(d) ला येतं. भाड्यावरचं क्रेडिट 4(A)(3) ला, बाकीचं 4(A)(5) ला. सुरतेचं हॉटेल 4(D)(2) ला फक्त दाखवायचं. 6.1 च्या टेबलात पोर्टल स्वतःच वाटणी भरून दाखवतं. ती सूचना आहे, आज्ञा नव्हे, आकडे बदलता येतात. आपला कागद शेजारी ठेवून आयजीएसटी क्रेडिटच्या रकान्यात सीजीएसटीसमोर 45,500 आणि एसजीएसटीसमोर 18,500 घाला. रोखीच्या रकान्यात रिव्हर्स चार्जशिवाय एकही आकडा दिसला तर पुढे जाऊ नका, वाटणी पुन्हा बघा.

चलन सगळ्यात शेवटी काढा, आणि 1,000 आयजीएसटीच्या कर या खान्यातच भरा. घाईत ते सीजीएसटीत गेले तर PMT-09 ने रोख लेजरमध्ये खातं बदलता येतं. क्रेडिटच्या खणांना ही सोय नाही.

20 डिसेंबरच्या मुदतीआधी आम्ही 3B भरलं आणि लगेच क्रेडिट लेजर उघडून बघितलं: आयजीएसटी शून्य, सीजीएसटी 5,000, एसजीएसटी 5,000. मुलाने रुसलेल्या बिलांच्या कागदावर भिवंडीचं बिल तारखेसह लिहिलं, समोर 4,500 आणि 4,500, आणि पुढच्या फोनची तारीख टाकली: 15 जानेवारी.